‘हॅलो’नंतरचं वाक्य

“हॅलो.”
“हां… हॅलो.”
“हां, बोल.”
“काही नाही, तू बोल.”
“जेवलीस?”
“हो. तू?”
“हो.”

तीन आठवडे एकमेकांना रात्री साडेअकरापर्यंत जागवणाऱ्या दोन माणसांचा हा पहिला फोन आहे. आदल्याच दिवशी यांच्यात भुर्जीत टोमॅटो घालावा की नाही यावर पन्नासेक मेसेजची चकमक झालेली असते. आज मात्र दोघं जेवणाची चौकशी करून गप्प आहेत. फोन ठेवल्यावर दोघांनाही वाटणार की आपलं मेसेजवरच बरं होतं.

असा फोन फसतो तेव्हा माणसं जुळत नाहीत असा निष्कर्ष निघतो, आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो. फसलेली असते ती सुरुवात. फोनवरचं बोलणं कसं सुरू होतं याची एक ठरलेली घडी आहे आणि ती अनोळखी माणसांना सोयीची आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन अभ्यासकाने 1968 साली पोलिसांच्या सुमारे 500 फोनच्या ध्वनिफिती तपासून तिची पहिली पायरी उलगडून दाखवली. फोनची घंटा ही हाक असते, उचलणारा आधी बोलून त्या हाकेला ओ देतो. मग एकमेकांची ओळख पटते, नमस्कार होतो, ‘कसं काय’ होतं आणि त्यानंतर फोन करणाऱ्याने कामाचं बोलावं अशी अपेक्षा असते. नेमकी तिथेच आपली गोची होते, कारण गप्पांसाठी केलेल्या फोनला काम नसतं. घडीतल्या सगळ्या पायऱ्या नीट चढून आपण माडीवर पोचतो आणि तिथे कोणीच नसतं. म्हणून ‘काही नाही, तू बोल’.

उपाय साधा आहे. फोनला काम द्यायचं, आणि ते काम मेसेजवर अर्धवट सोडलेलं असायला हवं.

एक जोडी डोळ्यांसमोर घेऊ. ती ठाण्यात, तो कोथरूडला, दोघंही तिशीच्या उंबरठ्यावर. एका ॲपवर ओळख होऊन तीन आठवडे झालेत. तिच्या बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे आणि त्याची पानं पिवळी पडतायत. चौथ्या दिवशी तिने फोटो टाकला. त्याने लिहिलं, ‘पेशंटला ताक पाजा.’ तिचं उत्तर आलं, ‘पेशंटने ताक नाकारलंय.’ तेव्हापासून रोजचं वैद्यकीय बुलेटिन सुरू आहे. दुसरा धागा भुर्जीतल्या टोमॅटोचा, ती बाजूने आणि तो विरोधात. तिसरा धागा त्याच्याच कबुलीतून निघाला. एका रिक्षावाल्याने त्याला ‘काका’ म्हटलं, ते त्याने हळहळत सांगितलं आणि तेव्हापासून ती त्याला काकाच म्हणते.

आता फोनच्या आदल्या दिवशी काय करायचं? तिने लिहिलं, ‘पेशंटला नवं पान आलंय.’ त्याच्या बोटांना लगेच ‘फोटो!’ असं लिहायची सुरसुरी येईल, ती आवरायची. फोटो आला की धागा संपला. त्याने लिहावं: ‘फोटो नको, तोंडी अहवाल हवा. उद्या साडेनऊला पंधरा मिनिटं. पावणेदहाला माझी भांडी वाट बघत असतात.’

या मेसेजात तीन गोष्टी आल्या: कशासाठी, कधी, आणि सुटका केव्हा. यातली तिसरी लोक विसरतात. ‘कधीतरी बोलूया का फोनवर?’ या प्रश्नात किती वेळ बोलायचं ते नसतं, म्हणून समोरच्याच्या डोक्यात तासाभराची मुलाखत उभी राहते. पंधरा मिनिटांना कोणी घाबरत नाही. रंगलं तर भांडी थांबतील, नाही रंगलं तर सिंकमध्ये ती आहेतच, खोटं बोलावं लागत नाही. वेळही विचारपूर्वक निवडायची. आपल्याकडच्या घरांत साडेसात ते नऊ हा वेळ टीव्ही, स्वयंपाक आणि ‘कोणाचा फोन गं?’ यांचा असतो. जेवणानंतरची शतपावली सगळ्यात चांगली. पायांना काम मिळालं की बोलण्यातल्या शांततेचं ओझं वाटत नाही. फक्त मुख्य रस्ता टाळावा, कारण हॉर्नमध्ये विनोद दोनदा सांगावा लागतो आणि दोनदा सांगितलेला विनोद मेलेला असतो.

आणखी एक पायरी आहे, ती ऐच्छिक असली तरी मी ती सोडणार नाही. फोनच्या एक-दोन दिवस आधी पंधरा-वीस सेकंदांची एक व्हॉइस नोट पाठवायची. तीन आठवडे आपण समोरच्याचे मेसेज स्वतःच कल्पलेल्या आवाजात वाचत असतो. खरा आवाज वेगळा निघतोच, जास्त बारीक, जास्त घोगरा, वऱ्हाडी हेल असलेला, काहीही. तो धक्का फोनवर बसला तर पहिली दोन मिनिटं त्यातच जातात. व्हॉइस नोटवर बसला तर ती परत परत ऐकून पचवता येतो. मात्र ती नोट ‘हाय, हा माझा आवाज’ अशी नसावी. चालू असलेल्या थट्टेला दिलेलं उत्तर असावं: ‘टोमॅटो घातला की त्याला भुर्जी म्हणत नाहीत, अंड्याची भाजी म्हणतात. एवढंच सांगायचं होतं.’

आता प्रत्यक्ष फोन.

ती: “हॅलो?”
तो: “हॅलो, डॉक्टर बोलतोय. पेशंटचे नातेवाईक कोण, तुम्हीच का?”
ती: “हो, मीच. पण डॉक्टर, तुमचा आवाज अगदी काकांसारखा येतोय.”
तो: “फी वाढेल हं. नवं पान कुठे फुटलंय, शेंड्याला की खाली?”
ती: “खाली. अगदी मातीपाशी.”
तो: “मग ते पान नाही, पिल्लू आहे. मुळातून आलंय. अभिनंदन, बाळ-बाळंतीण सुखरूप.”

इथे ‘हॅलो’ गाळलेलं नाही, हे लक्षात घ्या. थेट विनोदाने सुरुवात करावी असं सुचवणारे भेटतात, पण पहिला ‘हॅलो’ दोघांच्याही कानांना आवाजाची पातळी जुळवायला लागतो. त्याआधी टाकलेलं वाक्य निम्मं ऐकू येत नाही आणि ‘काय? काय म्हणालास?’ने सुरुवात होते. एक हॅलो पुरे. गाळायचं ते त्यानंतरचं ‘कशी आहेस, काय चाललंय’.

दुसरं, जुना विनोद पुन्हा सांगितलेला नाही, एक पाऊल पुढे नेलाय. ‘तू त्या दिवशी ताक नाकारलं म्हणालीस ना, जाम हसलो मी’ ही आठवण झाली, थट्टा नव्हे. तिच्यावर समोरच्याला ‘हाहा, हो ना’ यापलीकडे काही म्हणता येत नाही. तिसरं, त्याच्या दुसऱ्याच बोलण्यात खरं उत्तर असलेला प्रश्न आहे. शेंड्याला की खाली? याला हुशारी लागत नाही, आठवण लागते, आणि उत्तरातून नवं काहीतरी हाती येतं. कढीपत्त्याला मुळांपासून खरोखरच पिल्लं फुटतात, म्हणून हे बोलणं पुढेही चालतं: पिल्लू वेगळं कधी काढायचं, कोणत्या कुंडीत लावायचं, त्याला नाव काय ठेवायचं.

चौथी गोष्ट आपल्या भाषेतली आहे. मेसेजवर दोघं केव्हाच ‘तू’वर आलेली असतात, पण खरा आवाज कानावर पडला की जीभ पुन्हा ‘तुम्ही’कडे ओढ घेते. मग माणूस दोन्ही टाळत वाक्यं वाकवायला लागतो: ‘आज ऑफिसला जाणं झालं का?’ ऐकणाऱ्याला तो कोरडेपणा लगेच कळतो. डॉक्टर आणि नातेवाईक या सोंगात ‘तुम्ही’ उघडपणे, गंमत म्हणून वापरता येतो. अवघडलेपण सोंगाच्या आड खपून जातं, आणि दोन मिनिटांनी ‘ए, पण खरं सांग ना’ म्हणताना ‘तू’ आपोआप परत येतो.

प्रत्येकाच्या घरी आजारी कढीपत्ता नसतो, म्हणून आणखी काही सुरुवाती देतो. पण त्या जशाच्या तशा उचलू नका, आपल्या धाग्यात बसवा. भांडण चालू असेल तर: “लेखी युक्तिवाद झाले, आता तोंडी सुनावणी. वादी पक्षाने सुरुवात करावी.” तिने तुमची बाजू कधी मान्य केली नसेल तर: “एकच वाक्य ऐकायला फोन केलाय. ‘तू बरोबर होतास.’ म्हण, मी ठेवतो.” तिने एखादा किस्सा अर्धवट सोडला असेल तर सगळ्यात सोपं: “हं, तर मग काकू दार उघडून बाहेर आल्या. पुढे?” ही माझी आवडती सुरुवात आहे, कारण हिच्यात फोन करणाऱ्याला विनोदी व्हावंच लागत नाही. फोन उचलणाऱ्यालाही संधी असते, कारण पहिला शब्द त्याचाच असतो. नुसत्या ‘हॅलो’ऐवजी “भुर्जी विभाग, टोमॅटोसाठी एक दाबा” म्हटलं की समोरच्याचं निम्मं काम झालं. अट एवढीच, हे ठरवून वाचल्यासारखं वाटू नये. म्हणून कागदावर वाक्यं लिहू नका, तीन शब्द लिहा: पिल्लू, टोमॅटो, काका. वाक्य वाचलं की आवाज सपाट होतो आणि फोनवर तर आवाजाशिवाय काहीच नसतं.

तीन शब्द अशासाठी की पहिला धागा तीन-चार मिनिटांत संपतो आणि पाचव्या मिनिटाला हमखास एक खड्डा येतो. तिथे घाबरून लोक बायोडेटाकडे वळतात: घरी कोण कोण असतं, पगार, लग्नाचं काय ठरवलंय. खड्ड्यात दुसरा शब्द टाकायचा. तोही सुचला नाही तर शांततेलाच नाव द्यायचं: “इथे मी मेसेजवर डोळे फिरवणारा इमोजी टाकला असता.” हे हमखास चालतं, पण एकदाच. दुसऱ्यांदा तेच म्हणालात तर आपण मेसेजवरच जास्त चांगले होतो हे तुम्ही स्वतःच सिद्ध करताय.

आणि होतोच, हे मान्य करायला हवं. मेसेजवरचं चटपटीत उत्तर चार मिनिटं विचार करून, दोनदा खोडून लिहिलेलं असतं. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर किती असतं हे भाषेच्या अभ्यासक टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या 10 भाषांत मोजलं. 2009 साली छापलेल्या त्या अभ्यासात ते सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. त्यात कोटी सुचत नाही. म्हणून फोनवर मेसेजइतकं हुशार व्हायचा प्रयत्न सोडून द्यावा. तिथे चालतं ते वेगळंच: पटकन दिलेली दाद, खरं कुतूहल आणि हसू. मेसेजवर ‘हाहा’ हा पूर्णविराम असतो, फोनवर हसणं ही जागा असते. ती हसत असताना पुढची कोटी टाकू नका. हसू विरेपर्यंत थांबा, बहुतेकदा त्यानंतर तीच काहीतरी बोलते.

थट्टेचा सूरही बदलावा लागतो. ‘किती आगाऊ आहेस’ हे मेसेजवर जीभ काढलेल्या इमोजीच्या भरवशावर सोडता येतं. फोनवर तेच वाक्य नेहमीच्या वेगाने म्हटलं तर झापल्यासारखं लागतं. मराठीने त्याची सोय केलेली आहे: स्वर लांबवा आणि शेवटी काहीतरी लोंबू द्या. ‘किऽती आगाऊ आहेस गं.’ ‘होऽ का!’ ‘चल, काहीही हं.’ तो ‘हं’, ‘गं’, ‘ना’ हे फोनवरचे इमोजीच. आणि पहिल्या फोनवर फिरकी घ्यायची ती मतांची, कढीपत्त्याची, स्वतःची. आवाजाची, उच्चाराची, बोलण्याच्या वेगाची कधीच नाही. वरच्या संवादात तिने त्याच्या आवाजाला काका म्हटलं ते खपलं, कारण तो विनोद मुळात त्यानेच स्वतःवर केला होता.

कधीकधी सगळं बरोबर करूनही बोलणं अडखळतं. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, ‘सॉरी, तू बोल’, पुन्हा दोघं एकदम. पहिल्या मिनिटात हे तीनदा झालं तर दोष स्वभावाचा नाही, लाइनचा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज पलीकडे पोचायला लागणारा एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलण्याला सहसा बाधा येत नाही. त्यापुढे तो वाढत गेला की थट्टा आधी मरते, कारण ती सगळी वेळेवर उभी असते. त्याहून वाईट म्हणजे उशीर हा उशीर म्हणून ऐकूच येत नाही. 2014 साली जर्मनीत झालेल्या प्रयोगात लाइनवर मुद्दाम उशीर घातला, तेव्हा लोकांना समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटला. तेव्हा आधी यंत्र सुधारा: ब्लूटूथ काढून वायरचा इअरफोन लावा, वायफाय डळमळत असेल तर मोबाइल डेटावर या, व्हिडिओ चालू असेल तर बंद करा. एकजण पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत असेल तर थोडा उशीर टळतच नाही. साडेबारा हजार किलोमीटर काचेच्या तारेतून कापायला प्रकाशालाच साठेक मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत. अशा फोनवर एकेका वाक्याच्या टोलवाटोलवीपेक्षा किस्से बरे. एकाने दोन मिनिटं सांगायचं, दुसऱ्याने मधे मधे ‘अगं बाई’ म्हणायचं.

लाइन ठीक आहे, पण ती एकाएकी ‘हं’, ‘हो’, ‘बघू’वर आली, तर ‘काय झालं? रागावलीस का?’ असं विचारू नका. बहुधा खोलीत कोणीतरी आलेलं असतं. ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल असं विचारा: “आत्ता बोलता येतंय ना?” ती आईसमोरही नुसतं ‘नाही’ म्हणू शकते. मग “बरं, बाकीचं लेखी” म्हणून तुम्ही ठेवायचा. एवढं समजून घेतल्याची नोंद होते.

व्हिडिओ कॉल पहिलाच नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी आवाज, मग दोन-चार दिवसांनी चेहरा. न विचारता केलेला व्हिडिओ कॉल तर नकोच. समोरची व्यक्ती केसांना तेल लावून, भिंतीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या पार्श्वभूमीवर बसलेली असू शकते आणि तिला त्या क्षणी तुमचा रागच येईल. व्हिडिओवर मेसेजची गंमत टिकवायची युक्ती अशी की कॅमेरा आधी वस्तूकडे वळवायचा: “थांब, आधी पेशंट दाखव. नातेवाईक नंतर.” पहिली वीस-तीस सेकंदं दोघंही कुंडीकडे बघतात, एकमेकांकडे नाही. बोलणं सुरू झालेलं असतं आणि मग चेहरा सहज चौकटीत येतो. टोमॅटोवाल्यांनी फोन ओट्यावर डब्याला टेकवून खरोखर भुर्जी करावी. हात गुंतलेले असले की नजर कुठे ठेवायची हा प्रश्नच राहत नाही.

नाहीतर तो प्रश्न मोठा असतो. आपण बघतो स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे, कॅमेरा असतो त्याच्या वर, म्हणून समोरच्याला आपण कायम खाली बघताना दिसतो. फोन हातात छातीपाशी धरला तर आपल्या नाकपुड्याही दिसतात. फोन डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवा, साधारण हातभर अंतरावर, आणि उजेड समोरून येऊ द्या. मागे खिडकी असेल तर तुमची नुसती सावली दिसते. हसतानाचे डोळे सावलीत दिसत नाहीत, आणि तेच तर बघायचे असतात. आपला स्वतःचा छोटा चौकोन ॲपमध्ये लपवता येत असेल तर लपवा, नाहीतर कोपऱ्यात सारा. तो समोर असला की माणूस विनोद करून आधी स्वतःचं हसू कसं दिसतंय ते तपासतो.

फोन कधी ठेवायचा? बोलण्यासारखं संपल्यावर नाही, अजून उरलेलं असताना. पिल्लाचं नाव ठरलं, टोमॅटोचा निकाल बाकी आहे, घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झालीत. ‘चल मग… हं… ठीक… बाय… हां, बाय’ ही लांबण टाळायची असेल तर ठेवण्यालाही धाग्याचंच निमित्त द्या: “भांड्यांनी आवाज दिला. टोमॅटोची पुढची तारीख रविवार.” दिवस ठरला, विषय ठरला, पुन्हा विचारायची गरज उरली नाही.

अर्ध्या तासाच्या आत एक मेसेज जायला हवा. ‘छान वाटलं बोलून’ हे खरं असलं तरी ते एकटं पाठवू नका, पाहुणे गेल्यावरच्या आभारासारखं दिसतं. फोनवर जे नव्याने जन्मलं, तेच उचला:

‘बाळाला पहिले तीन दिवस ताक देऊ नये. आईला विचारून सांगतोय.’

‘आईला सांगितलंस?? काका!!’